स्टॅटिन आणि दुखणारे पाय: संशय कुठून आला, वाट कशी सापडली

सोलापुरात अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेल्या माणसाची कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी दोन-तीन महिन्यांत बंद पडते, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असते: "गोळी सुरू झाल्यापासून पोटऱ्या ओढतात." ही तक्रार खरीच असते. मात्र दुखणे गोळीतल्या औषधाचेच असते का, हे नीट तपासायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षे लागली.

जपानचे अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. 1987 मध्ये लोवास्टॅटिन अमेरिकेत बाजारात आले आणि 1994 च्या स्कँडिनेव्हियन चाचणीने दाखवले की हृदयविकाराच्या रुग्णांचे मृत्यू या औषधांमुळे कमी होतात. मग 2001 साली सेरिवास्टॅटिन हे औषध जगभरातून मागे घ्यावे लागले. त्याने, विशेषतः रक्तातली चरबी उतरवणाऱ्या जेमफिब्रोझिलसोबत घेतल्यावर, स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होत होती. ते औषध गेले, पण धास्ती साऱ्या स्टॅटिनांना चिकटली. वाईट वाटते ते याचे की आजच्या स्टॅटिनांत इतकी गंभीर इजा अत्यंत विरळ आहे, तरी भीती तेवढीच उरली.

अपायाची धास्तीच त्रास निर्माण करते, याला नोसिबो परिणाम म्हणतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी तो मोजला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना त्यांनी वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चारमध्ये अॅटोर्व्हास्टॅटिन 20 मिलिग्रॅम, चारमध्ये हुबेहूब तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या आणि चार रिकाम्या. दर महिन्याला कोणती बाटली हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरे. रोजचा त्रास 0 ते 100 मध्ये फोनवर नोंदवायचा. 2020 मध्ये निकाल आला. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी त्रास 8, खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4 आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3. म्हणजे त्रासातल्या वाढीचा सुमारे 90 टक्के भाग खोट्या गोळीनेही येत होता. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद: गोळी थांबवल्यावर आराम पडला, तो दोन्ही गोळ्यांनंतर सारखाच. "बंद केली आणि बरे वाटले" हा आपला भक्कम वाटणारा पुरावा त्यामुळे टिकत नाही. वर्ष संपल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

याचा अर्थ खरा त्रास कोणालाच होत नाही असा नाही. 2022 मध्ये मोठ्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर दिसले की पहिल्या वर्षी हजारात सुमारे अकरा जणांचे दुखणे औषधामुळे असते, पुढे फरक जवळजवळ उरत नाही.

आता एक कल्पित उदाहरण धरू. अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारे बावन्न वर्षांचे गृहस्थ. औषधाविना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 150, ध्येय 55 च्या खाली. अॅटोर्व्हास्टॅटिन 80 वर दोन्ही मांड्या दुखू लागल्या. आधी स्नायूंची इजा दाखवणारी सीके ही रक्ततपासणी, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि सोबतची औषधे पाहायची, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक रक्तातले अॅटोर्व्हास्टॅटिन वाढवते. उभ्या कामानेही पाय दुखतात, हेही विचारायचे. सीके ठीक असेल तर डॉक्टर दोन ते चार आठवडे गोळी थांबवतात. आराम पडला तर रोसुव्हास्टॅटिन 5 मिलिग्रॅम एक दिवसाआड सुरू करायचे. ते शरीरात बराच काळ टिकते म्हणून असे चालते. सोसले की रोज, मग 10. त्याने एलडीएल साधारण 82 वर येईल. त्यावर एझेटिमाइब 10 मिलिग्रॅम जोडले की उरलेल्याचा पाचवा हिस्सा उतरतो, म्हणजे 66. हे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, स्नायूंशी त्याचा फारसा संबंध नाही.

तरीही ध्येय दूर राहिले तर बेंपेडॉइक अॅसिड. ते यकृतात सक्रिय होते. स्नायूंत त्यासाठी लागणारे एन्झाइमच नसते. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे 14,000 लोकांच्या 2023 च्या चाचणीत त्याने हृदयाच्या गंभीर घटना 13 टक्क्यांनी घटवल्या. यूरिक अॅसिड मात्र वाढते, म्हणून गाउट असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे. शेवटी पीसीएसके9 हे प्रथिन रोखून एलडीएल उतरवणारी इंजेक्शने आहेत. परिणाम मोठा, खर्चही तसाच.

एका प्रसंगात मात्र या पायऱ्यांची वाट पाहायची नाही. जिना चढताना किंवा खाली बसून उठताना ताकदच राहत नसेल, लघवी चहासारखी गडद होत असेल, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्टॅटिन बंद करूनही अशक्तपणा वाढतच राहिला, तर फार विरळ असा प्रतिकारशक्तीने केलेला स्नायूंचा दाह असू शकतो, आणि त्याला उपचार वेगळे लागतात.