नुसती मोठी झेरॉक्स काढून भागत नाही

चोपड्याला बहिणीकडे गेलो, तर चौथीतला भाचा धड्याची ए-थ्री झेरॉक्स पुढ्यात घेऊन बसलेला. डिस्लेक्सिया आहे, मोठ्या अक्षरात वाचायला द्या, असं कुणीतरी सांगितलेलं. अक्षरं मोठी झाली होती, पण ओळींची दाटी तशीच होती. तिसरी ओळ संपली की पोरगं थेट पाचवीवर जायचं.

या दाटीचं काय होतं ते स्वतः पाहा. नजर फुलीवरून हलवू नका.

+        म

+        कमल

वरचा 'म' कळतो. खालचा 'म' शेजाऱ्यांत विरघळतो, आकार मात्र तोच आहे. डच संशोधक हर्मन बाउमा यांनी 1970 मध्ये याचं माप दिलं. नजरेच्या बिंदूपासून अक्षर जितकं लांब, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं अक्षर आलं की मेंदू दोघांच्या रेषा एकमेकांत मिसळतो. डिस्लेक्सिया असलेल्या बऱ्याच मुलांना ही गर्दी जास्त जाचते. इटली आणि फ्रान्समधल्या अशा 74 मुलांवरचा अभ्यास 2012 मध्ये आला. 14 पॉइंटच्या मजकुरात अक्षरांमधलं अंतर फक्त 2.5 पॉइंटने वाढवलं, तर कसलाही सराव न देता वाचनाची अचूकता दुप्पट झाली.

ती लिपी रोमन होती. देवनागरीत अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे दिसतात. आपल्याकडे गर्दी वर-खालीही असते: वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. म्हणून मी अक्षरांना हात लावला नाही. फॉन्ट 18, दोन ओळींत दुप्पट अंतर, शब्दांमध्ये एकाऐवजी तीन स्पेस आणि मजकूर फक्त डावीकडून सरळ. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांतलं अंतर वेडंवाकडं होतं.

मग वाक्य. मूळ असं होतं: "केळीच्या खोडाला आपण खोड म्हणत असलो तरी ते एकमेकांवर घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या देठांचे बनलेले असते आणि खरे खोड जमिनीत असते." ते असं केलं:

केळीचे   हे   खोड   खरे   नाही.

ती   पानांच्या   देठांची
घट्ट   गुंडाळी   आहे.

खरे   खोड   जमिनीत   असते.

माहिती एकही गाळली नाही. ओळ तोडली ती अर्थ जिथे थांबतो तिथे. 'पानांच्या' एका ओळीत आणि 'देठांची' दुसरीत गेलं असतं, तर अर्थ हातचा सुटला असता.

खास डिस्लेक्सियाचे म्हणून विकले जाणारे फॉन्ट घेऊ नका. त्यातल्या एकाची चाचणी झाली, तेव्हा साध्या फॉन्टला तेवढंच अंतर दिल्यावर त्याचा फायदा उरला नाही. आणि आजी दृष्ट काढते, त्यानेही उकार जागेवर येत नाहीत.

फरक पडला का, हे मोजता येतं. सारख्याच अवघड असे दोन नवे उतारे घ्या, एक जुन्या मांडणीत, एक नव्या. प्रत्येक एक मिनिट मोठ्याने वाचायला सांगा, चुका आणि सुटलेल्या ओळी मोजा. भाच्याची नव्या मांडणीत एकही ओळ सुटली नाही. 'घट्ट'पाशी मात्र तो तसाच अडला. जोडाक्षराचा आवाज मनात उमटत नाही, ही अडचण अंतराची नाही. तिथे 'घ', 'ट्', 'ट' वेगळे म्हणून पुन्हा जोडावे लागले, तीन वेळा.