एकच व्यक्ती असल्याचे शपथपत्र

एकाच माणसाचे नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळे पडले असेल, तर ‘ही सर्व नावे माझीच आहेत’ असे त्याने शपथेवर लिहून दिलेला कागद. मराठवाड्यात त्याला सरसकट ‘नावाचं अफिडेव्हिट’ किंवा नुसताच ‘बाँड’ म्हणतात. फेरफार, वारसनोंद, खरेदीखत, पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला अशा कामांत तो लागतो. २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला. त्यात आधारवरचे नाव ७/१२वरच्या नावाशी ताडून पाहिले जाते, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला न खुपलेली तफावतही उघडी पडू लागली. शपथपत्राने कुठल्याही नोंदीतले नाव दुरुस्त होत नाही. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे धरायला अधिकाऱ्याला त्यातून आधार मिळतो, आणि तो आधार किती पक्का हे सोबत जोडलेल्या कागदांवर ठरते.

नावे का बदलतात

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या जुन्या महसुली कागदांचा मोठा भाग उर्दूत आहे. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे ते नाव मराठीत उतरवणाऱ्याला अंदाजाने वाचावे लागले. पुढे हस्तलिखित ७/१२ संगणकावर चढवताना पुन्हा एकदा नकल झाली. आधार, पॅन आणि बँकेत तेच नाव इंग्रजी अक्षरांत गेले आणि तिथून यंत्राने किंवा ऑपरेटरने ते परत मराठीत आणले. ज्ञानेश्वरचे दोन-तीन अवतार आणि महेबूबचे मेहबूब याच वाटेने होतात.

याशिवाय नाव लिहिण्याची इथली पद्धतही कारणीभूत आहे. जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसते, असते ते ‘नामदेव पि. तुकाराम’. ‘पि.’ म्हणजे पिता. बाईचे नाव ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, लावून नवऱ्याच्या नावाशी जोडतात. बाई, राव, बा, जी हे मानाचे शेपूट तलाठ्याच्या मर्जीवर कधी लागते, कधी गळते. गावात सगळे त्या माणसाला एकाच नावाने ओळखत असल्याने याने कोणाचे काही अडले नाही. अडते ते गावाबाहेरच्या टेबलावर.

एक उदाहरण

समजा, परभणी जिल्ह्यातल्या एका बाईच्या आधारवर नाव आहे कौशल्या भगवान शिंदे. सासरच्या ७/१२वर ‘कौसाबाई भ्र. भगवानराव शिंदे’ आहे आणि बँकेच्या पासबुकावर कौसाबाई भगवान शिंदे. वडील वारल्यावर माहेरच्या गावी वारसफेरफार झाला, त्यात ती ‘कौशल्याबाई पि. नामदेव कदम’ म्हणून लागली. आता तिला माहेरच्या जमिनीतल्या आपल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र भावाच्या नावे करून द्यायचे आहे. दस्त आधारवरच्या नावाने नोंदवला, की फेरफाराच्या वेळी मंडळ अधिकारी विचारणार: ७/१२वरची कदम कोण आणि दस्तातली शिंदे कोण?

या चार नावांत दोन वेगळ्या जातीच्या तफावती आहेत. कौशल्या, कौसाबाई, भगवान, भगवानराव हा लिहिण्यातला फरक आहे. नवरा, गाव आणि वय जुळते, त्यामुळे तिथे शपथपत्र सहसा पुरते. कदमची शिंदे होणे मात्र लग्नाने झालेला बदल आहे आणि तो नुसत्या शपथेने सिद्ध होत नाही, माहेर-सासर जोडणारा कागद लागतो. विवाह नोंदणी दाखला असला तर प्रश्न मिटतो, पण जुन्या लग्नांचा तो बहुधा नसतो. तेव्हा वडिलांच्या वारसफेरफाराची नक्कल काढावी. वारसांची नावे लिहिताना तलाठ्याने ‘मुलगी, रा. अमुक गाव’ असा सासरचा पत्ता किंवा नवऱ्याचे नाव टाकलेले असेल, तर तोच सर्वांत चांगला दुवा. ते नसेल तर बाईचा शाळेचा दाखला, जुने रेशनकार्ड आणि ‘ही आमचीच बहीण’ असे भावांचे जबाब यांवर काम भागवावे लागते. हक्कसोड भावाच्याच फायद्याची असल्याने इथे त्याचा जबाब मिळतो. वाटणीचा वाद असता, तर याच जबाबासाठी बाईला कोर्टाची पायरी चढावी लागली असती.

शपथपत्रात या दोन गोष्टी वेगळ्या परिच्छेदांत लिहिणे चांगले. मजकूर साधारण असा असतो:

‘मी, कौशल्या भगवान शिंदे, वय सज्ञान, धंदा शेती, रा. अमुक, प्रतिज्ञेवर कथन करते की, माझ्या आधार कार्डावर माझे नाव वरीलप्रमाणे असून, मौजे अमुक येथील गट नंबर अमुकच्या ७/१२वर ते कौसाबाई भ्र. भगवानराव शिंदे असे आहे. दोन्ही नावे माझीच आहेत. माझे माहेरचे नाव कौशल्याबाई पि. नामदेव कदम असून मौजे तमुक येथील फेरफार क्रमांक अमुक मध्ये तेच नमूद आहे. या नावाची दुसरी व्यक्ती वरील दोन्ही गावांत माझ्या माहितीप्रमाणे नाही.’

यातले शेवटचे वाक्य टायपिस्ट बऱ्याचदा गाळतो, आणि अधिकाऱ्याला हवे असते तेच. प्रत्येक नाव ज्या कागदावरून घेतले त्याचा क्रमांक आणि गट नंबर लिहिलेला असला, तर वाचणाऱ्याला तपासता येते. नाही तर चार नावांची माळ तेवढी उरते.

सर्वांत जास्त घोटाळा शब्द उतरवताना होतो. टायपिस्ट शहाणा असला की ‘कौसाबाई’चे ‘कौशल्याबाई’ करून टाकतो, त्याला ती चूक वाटते. शपथपत्रात नाव मूळ कागदावर आहे तसेच, त्यातल्या चुकीसकट, यायला हवे. एक काना इकडचा तिकडे झाला की पाचवे नाव जन्माला येते आणि त्याच्यासाठी पुन्हा दुसरे शपथपत्र. सहीपूर्वी मूळ कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहणे हाच त्यावर उपाय.

कोणासमोर, किती मुद्रांकावर

शपथ नोटरीसमोर किंवा तहसील कार्यालयात कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसणाऱ्या तहसीलदार, नायब तहसीलदारांसमोर घेता येते. नोटरी आपल्या नोंदवहीत क्रमांक टाकतो, तिथे सही घेतो आणि तोच क्रमांक कागदावर येतो. ज्या शपथपत्रावर शिक्का आहे पण क्रमांक नाही, किंवा माणूस हजर नसताना ते तयार झाले, ते वाद निघाला की पहिल्याच प्रश्नाला कोसळते. निरक्षर माणसाचा अंगठा असेल, तर मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला असा शेरा लागतो. मराठवाड्यातल्या वयस्क बायांच्या बाबतीत हा शेरा फार महत्त्वाचा, कारण पुढे ‘मला माहीतच नव्हतं’ ही तक्रार तिथूनच उठते.

मुद्रांकाबाबत लोकांचे पैसे विनाकारण जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने शपथपत्राचे मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपये केले. पण सरकारी कार्यालयांत आणि न्यायालयांत दाखल करायच्या शपथपत्रांना हे शुल्क २००४ पासून माफ आहे. तहसीलदारांकडे द्यायचे शपथपत्र साध्या कागदावर चालते. बँकेत द्यायचे असेल तर मात्र मुद्रांक लागतो. म्हणूनच शपथपत्र कोणासमोर दाखल करायचे हे कागदावर आधी लिहिलेले असावे. बँकेसाठी केलेले तहसीलला घेऊन गेले की ते परत पाठवतात. कायद्यात शपथपत्राला मुदत नाही, तरी कार्यालये सहसा ताजेच मागतात.

कुठे चालत नाही

आधी एक गोष्ट पाहावी. चूक फक्त संगणकीकृत ७/१२वर असेल आणि हस्तलिखित ७/१२ किंवा फेरफारावर नाव बरोबर असेल, तर शपथपत्राच्या फंदात पडू नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनदोष दुरुस्त करता येतो. जुन्या ७/१२ची आणि फेरफाराची नक्कल जोडून अर्ज करायचा. यात नोंदच सुधारते, त्यामुळे पुढच्या प्रत्येक कामाला शपथपत्राचा कागद जोडत बसावे लागत नाही. हा रस्ता असूनही लोक बाँडाकडे धावतात, कारण बाँड त्याच दिवशी मिळतो.

नोंदणीकृत खरेदीखतातच नाव चुकले असेल, तर दस्ताच्या दोन्ही पक्षकारांनी दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्तीपत्र नोंदवावे लागते. देणाऱ्याने एकट्याने केलेल्या शपथपत्राने दस्त बदलत नाही. ज्याला नावच बदलायचे आहे, त्याची वाट राजपत्राची. शपथपत्र जुन्या-नव्या नावांतला संबंध सांगते, नवे नाव देत नाही.

खरी अडचण एकाच नावाची दोन माणसे असतात तेव्हा येते. एका गावात ‘नामदेव पि. तुकाराम’ दोन असणे मुळीच दुर्मीळ नाही. आडनाव नसलेल्या जुन्या नोंदीत कुठली जमीन कुठल्या नामदेवाची हे नावावरून कळत नाही. मग त्यातला एक, किंवा त्याचा मुलगा, शपथपत्र करून दुसऱ्याच्या गटावर हक्क सांगतो. रस्त्यासाठी किंवा तलावासाठी भूसंपादन निघाले की अशी प्रकरणे वर येतात. ओळखायची खूण म्हणजे शेजारचे गट आणि कब्जा. ज्याने शपथ घेतली त्याच्या वडिलांच्या नावाची इतर जमीन कुठे आहे, पिकाची नोंद कोणाची आहे, चतु:सीमेवरचे शेतकरी काय सांगतात, हे जुळले नाही तर शपथपत्राला किंमत देऊ नये. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. हरकत आली की ते प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जाते आणि तिथे दोघांनाही पुरावा द्यावा लागतो. तिथेही न सुटल्यास दिवाणी न्यायालयात हक्क जाहीर करून घेण्याचा दावा करावा लागतो. खोटे शपथपत्र हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, पण गुन्हा नोंदवल्याने हडपलेला हिस्सा परत येत नाही.

मृताच्या नावातल्या तफावतीचे शपथपत्र मृत माणूस करू शकत नाही, हे उघड आहे. ते वारस करतात आणि तेही स्वतःच्या माहितीपुरतेच. ‘माझ्या वडिलांना गावात रामा म्हणत, कागदावर ते रामचंद्र होते’ हे मुलगा शपथेवर सांगू शकतो, पण त्याचा जन्म नोंदीनंतरचा असेल तर हे त्याने ऐकलेले असते, पाहिलेले नसते. म्हणून अशा वेळी जुन्या पिढीतल्या साक्षीदारांचे जबाब आणि मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागतात. मृत्यूच्या दाखल्यावर नाव तिसरेच असेल, तर दुरुस्ती आधी जन्म-मृत्यू निबंधकाकडे करून घ्यावी आणि मगच वारसफेरफाराचा अर्ज द्यावा.