सत्तेचाळीस नाही, सदतीस!

समजा, ऐरोलीतल्या एका कॉल सेंटरला घोडबंदर रोडवरून फोन आलाय. फ्रिज गार होत नाही. "नंबर घ्या. अठ्ठ्याण्णव, डबल झिरो..." "हं." "सत्तेचाळीस... अहो नाही, सदतीस!" मग उरलेले चार आकडे. हे रेकॉर्डिंग प्रशिक्षणासाठी बाहेर द्यायचं, तर त्याआधी नाव आणि नंबरावर बीप हवा.

संगणक आधी बोलण्याचा मजकूर करतो आणि प्रत्येक शब्द कोणत्या क्षणी सुरू झाला, कधी संपला हे टिपतो. मजकुरात नंबर सापडला की त्या वेळेतला मूळ आवाज काढून तिथे बीप भरायचा. काढून, बरं का. नुसता वरून चढवलेला बीप एकाच कंप्रतेचा असतो, तो गाळला की खालचे आकडे पुन्हा ऐकू येतात.

शोधायचं कसं? सोपा नियम म्हणजे सलग दहा आकडे. आपल्या कॉलमध्ये तो दोनदा फसतो. मधल्या "हं"मुळे सलगपणा तुटतो आणि सत्तेचाळीस-सदतीस दोन्ही मोजल्याने आकडे बारा होतात. दहा जुळत नाहीत, म्हणून अख्खा नंबर उघडा राहतो. शिवाय मराठीत शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द. फोनच्या खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माणूसही गडबडतो.

म्हणून नियम सैल करतात: "नंबर" हा शब्द आला की पुढच्या काही सेकंदांतले, दोघांच्याही तोंडचे, सगळे आकडे झाकायचे. यात "बिल बाराशे चाळीस"ही कधी झाकलं जातं. माझ्या मते हा तोटा परवडतो. दोघांच्याही तोंडचे असं म्हटलं, कारण शेवटी कॉल सेंटरमधली मुलगी म्हणतेच, "रिपीट करते हं, सर." ग्राहकाचे आकडे झाकले आणि हे राहिलं, तर सगळी मेहनत पाण्यात.

शब्दांच्या वेळाही थोड्या चुकतात. बीप उशिरा सुरू झाला की "अठ्ठ्या" ऐकू येतं आणि पुढे दोन-तीनच शक्यता उरतात. त्यामुळे बीप दोन्ही बाजूंना थोडा वाढवतात. समजा ०.१५ सेकंद. फोन रेकॉर्डिंगमध्ये आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जात असेल, तर ०.१५ सेकंदात अशी १२०० मोजमापं, म्हणजे नमुने, होतात.

नावांचं दुखणं वेगळं. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे "आशा बोलतेय" आणि "आशा सोडली" यांतला फरक आजूबाजूच्या शब्दांवरूनच लावावा लागतो.

काम नीट झालं का, हे तपासायला काही कॉल माणसांनी ऐकून खुणा करायच्या आणि यंत्राचं काम त्यांच्याशी ताडायचं. इथे झाकलेले आकडे मोजू नयेत, पूर्ण झाकलेले नंबर मोजावेत. दहांतले आठ आकडे झाकले तर ते ऐंशी टक्के यश दिसतं, आणि तिथे नंबर बराचसा सुरक्षितही असतो. पण "सदतीस" तेवढं झाकलं आणि बाकी आठ सुटले, तर वीस टक्के यश दिसतं, प्रत्यक्षात उरतात फक्त १०० शक्यता. एका दुपारी सगळे फोन लावून होतील.