ए-स्टारचा अंदाज: कमी चालतो, जास्त चालत नाही

1956 साली ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात 'आर्मॅक' नावाचा नवा संगणक लोकांना दाखवायचा होता. गणित न येणाऱ्या पाहुण्यालाही प्रश्न आणि उत्तर दोन्ही कळावीत, असं काहीतरी हवं होतं. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधली 64 शहरं आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांचा सोपा केलेला नकाशा घेतला, आणि कोणत्याही दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता काढणारी रीत त्यावर चालवून दाखवली. ही रीत 1959 मध्ये छापून आली. आज रस्ता शोधणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमच्या मुळाशी तीच असते.

या रीतीत मुक्कामाच्या दिशेचा विचारच नाही. सुरुवातीपासून जो नोड, म्हणजे नकाशावरचं शहर किंवा चौक, सर्वांत कमी खर्चात गाठता येतो तो आधी उचलायचा, त्याचे शेजारी तपासायचे, मग पुढचा नोड. मुक्काम पूर्वेला असला तरी शोध पश्चिमेलाही तेवढाच पसरतो. 64 शहरांत हे खपून जातं. लाखो चौकांच्या नकाशावर मात्र बहुतेक वेळ उलट्या दिशेचे रस्ते चाळण्यात जातो.

दिशेची जाण आली ती कॅलिफोर्नियातून. तिथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये 1966 पासून 'शेकी' हा फिरता रोबो घडत होता, आणि खोलीतले अडथळे टाळून जायचा मार्ग त्याला स्वतःच आखायचा होता. नील्स नील्सन यांनी आधी 'ग्राफ ट्रॅव्हर्सर' ही रीत सुचवली. ती फक्त पुढच्या अंतराच्या अंदाजावर चालते. इथपर्यंत यायला किती खर्च झाला हे ती विचारत नाही. त्यामुळे मार्ग मिळतो, पण तो सर्वांत स्वस्त असेलच असं नाही. बर्ट्रम राफेल यांनी दोन्हींची बेरीज घ्यायला सांगितलं:

```
f(n) = g(n) + h(n)
```

`g` म्हणजे `n` या नोडपर्यंत प्रत्यक्ष झालेला खर्च आणि `h` म्हणजे तिथून मुक्कामापर्यंतचा अंदाज, ज्याला ह्युरिस्टिक म्हणतात. ज्याचा `f` सर्वांत कमी तो नोड आधी उचलायचा. अंदाज कसाही असून चालणार नाही, त्याला अट हवी, हा भाग पीटर हार्ट यांचा. तिघांचा लेख 1968 मध्ये आला आणि या रीतीचं नाव पडलं ए-स्टार.

अट अशी: `h(n)` हा `n` पासून मुक्कामापर्यंतच्या खऱ्या किमान खर्चापेक्षा कधीही जास्त नसावा. कमी असला तर चालेल, शून्य असला तरी चालेल. शून्य ठेवला की आपण पुन्हा डाइक्स्ट्रांच्या रीतीवर येतो. अशा अंदाजाला ॲडमिसिबल म्हणतात. मूळ लेखातलं उदाहरणही रस्त्यांचंच आहे: दोन शहरांमधलं हवाई अंतर. कोणताही रस्ता सरळ रेषेपेक्षा लहान असू शकत नाही, म्हणून हा अंदाज कधी चढा निघत नाही.

पण हे झालं किलोमीटर मोजत असताना. आपल्याला बहुधा लवकरचा रस्ता हवा असतो, म्हणजे खर्च मिनिटांत. मग हवाई अंतराला वेगाने भागावं लागतं, आणि कोणत्या वेगाने भागायचं यावर सगळं अवलंबून असतं.

एक छोटा नकाशा घेऊ. `S` पासून `T` ला जायला दोन वाटा आहेत. साधी वाट `A` वरून: 20 मिनिटं, मग 30, एकूण 50. दुसरी `B` वरून: उलट्या बाजूला जाऊन द्रुतगती मार्ग गाठायला 10 मिनिटं, मग ताशी 120 किमी वेगाने 60 किमी, म्हणजे 30 मिनिटं, एकूण 40. `A` पासून `T` चं हवाई अंतर 28 किमी, `B` पासून 54 किमी.

बहुतेक रस्त्यांवर ताशी 60 च मिळतो म्हणून 60 ने भागलं, तर `A` चा अंदाज 28 मिनिटं आणि `f` 48. `B` चा अंदाज 54 आणि `f` 64. `A` आधी उचलला जातो, त्यातून `T` 50 मिनिटांना उचलायच्या नोडच्या यादीत येतो, आणि 64 पेक्षा 50 कमी म्हणून तिथेच शोध संपतो. `B` कडे कोणी पाहिलंच नाही. उत्तर 10 मिनिटांनी चुकलं, आणि प्रोग्रॅमने कुठेही तक्रार केली नाही.

आता 120 ने भागू. `A` चा `f` 20 अधिक 14, म्हणजे 34. `B` चा 10 अधिक 27, म्हणजे 37. आधी `A` च उचलला जातो आणि `T` 50 ला यादीत बसतो. पण `B` 37 वर वाट पाहतोय, म्हणून पुढचा नंबर त्याचा. तो `T` चा खर्च 40 वर आणतो आणि मग `T` उचलला जातो. हार्ट यांच्या सिद्धतेचा गाभा इथेच दिसतो. खऱ्या उत्तमोत्तम मार्गावरचा एखादा नोड नेहमी यादीत असतो, आणि अंदाज चढा नसेल तर त्याचा `f` उत्तम खर्चापेक्षा जास्त होऊ शकत नाही. महागडा `T` त्याच्या आधी उचलला जाणं शक्यच नाही. मात्र `T` यादीत दिसताच थांबायचं नाही. तो उचलला जाईल तेव्हाच थांबायचं. हा एका ओळीचा फरक विसरला, तर अंदाज चोख असूनही उत्तर चुकतं.

म्हणून भाजक वेग सरासरी नको, कमाल हवा, आणि तो नियमपुस्तकातून न घेता डेटातून काढलेला बरा. प्रत्येक रस्त्याच्या दोन टोकांमधलं हवाई अंतर भागिले त्या रस्त्याचा नोंदलेला वेळ, यातली सर्वांत मोठी संख्या घ्यायची. खाली गोल केलेले सेकंद किंवा चुकीची वेगमर्यादा यांमुळे काही रस्ते कागदावर वाजवीपेक्षा जलद दिसतात. डेटातून काढलेला वेग त्यांनाही सामावून घेतो, कारण शोध कागदावरच्याच खर्चावर चालतो.

अशी खबरदारी घेतली की आणखी एक कडक अट आपोआप पाळली जाते. ती म्हणजे कन्सिस्टन्सी: `h(u) ≤ c(u,v) + h(v)`, म्हणजे एक रस्ता ओलांडल्यावर अंदाज त्या रस्त्याच्या खर्चापेक्षा जास्त उतरू नये. ही पाळली तर एकदा उचललेला नोड पुन्हा उघडावा लागत नाही. नुसती ॲडमिसिबिलिटी असेल तर स्वस्त वाट उशिरा सापडल्यावर जुना नोड पुन्हा यादीत घ्यावा लागतो. ही अट कुठे लागते आणि कुठे नाही याची चर्चा बरीच वर्षं चालली. रीना डेक्टर आणि ज्यूडिया पर्ल यांनी 1985 मध्ये तिची नीट मांडणी केली.

कमाल वेगाचा तोटा उघड आहे. शहरातल्या गल्ल्यांत 120 ने भागलेला अंदाज इतका कमी भरतो की शोध पुन्हा चहूकडे पसरतो. यावर 2005 मध्ये अँड्र्यू गोल्डबर्ग आणि क्रिस हॅरेलसन यांनी भूमितीच सोडून दिली. त्यांनी नकाशावर काही खुणेचे नोड निवडले आणि प्रत्येक खुणेचे इतर सर्व नोडपर्यंतचे खरे खर्च आधीच काढून ठेवले. खूण `L` असेल तर `L` पासून `T` चा खर्च वजा `L` पासून `n` चा खर्च, ही संख्या `n` ते `T` च्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त असूच शकत नाही. नाहीतर `L` वरून `n` मार्गे `T` ला जाणं किमान खर्चापेक्षाही स्वस्त ठरलं असतं. एकेरी रस्त्यांनाही हे लागू पडतं. `T` च्या पलीकडची खूण असेल तर उलट दिशेचे खर्च वापरून अशीच वजाबाकी करता येते. अनेक खुणांपैकी सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. अंदाज त्याच मिनिटांतून निघतो ज्यांत खर्च मोजलाय, त्यामुळे वेगाचा प्रश्नच येत नाही.

वाहतूक बदलली की काय होतं, हे मला यात सर्वांत मजेदार वाटतं. कोंडीमुळे वेळ वाढला, तर खुणांच्या खर्चांचे जुने तक्ते फक्त थोडे कमी भरतात, चुकत नाहीत. पण एखादा नवा पूल खुला झाला किंवा वेगमर्यादा वाढली, तर खरा खर्च तक्त्यातल्या खर्चाखाली जातो आणि अंदाज चढा होण्याचा धोका येतो. म्हणून तक्ते शक्यतो मोकळ्या रस्त्यांच्या वेळांवर बांधतात, आणि नकाशात जलद काही आलं की पुन्हा काढतात. शंका आली तर तपासणीला जुनीच रीत उपयोगी पडते: नोडच्या शेकडो जोड्या यादृच्छिक निवडून `h` शून्य ठेवून तोच शोध चालवायचा आणि दोन्ही उत्तरांचा एकूण खर्च ताडून पाहायचा. मार्ग वेगळा निघाला तर हरकत नाही, कारण बरोबरीचे दोन मार्ग असू शकतात. खर्च जास्त निघाला, तर मार्गावरच्या कुठल्या नोडचा अंदाज चढा आहे ते शोधायला लागायचं.