व्हेरिएबल एनडी आपल्या लेन्सवर कसा येऊन बसला

मे महिन्यात भर दुपारी आउटडोअर शूट असलं की आज जवळजवळ प्रत्येकाच्या लेन्सवर व्हेरिएबल एनडी, म्हणजे आत येणारा उजेड फिरवून कमीजास्त करणारी काळपट काच, दिसतो, लग्नवाला असो, डॉक्युमेंटरीवाला असो नाहीतर रील बनवणारा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा एनडी एकतर कॅमेऱ्याच्या आत असायचा किंवा लेन्ससमोरच्या मॅटबॉक्सच्या ट्रेमध्ये चौकोनी काच म्हणून असायचा, आणि फिरवून कमीजास्त करायची ती गोल काच फार थोड्या लोकांकडे होती. हा बदल का झाला त्याची ही पार्श्वभूमी. मला स्वतःला २००८ नंतरचा काळ जास्त जवळून माहीत आहे, त्यामुळे जोर तिकडेच राहणार.

आधी फिल्मचं थोडक्यात. १९५० साली आलेला कलर निगेटिव्ह स्टॉक १६ एएसएचा होता. कडक उन्हात १/५० शटरला त्याचं एक्सपोजर एफ ८ आणि ११ च्या मध्ये कुठेतरी बसतं, म्हणजे प्रकाश कमी करायची भानगडच नाही, उलट स्टुडिओत दिवे किती लावायचे हीच डोकेदुखी. १९६८ ला १०० एएसएचा टंगस्टन, म्हणजे दिव्यांच्या पिवळट उजेडासाठीचा, स्टॉक आला. तो दिवसा वापरायचा तर ८५ नंबरचा नारिंगी फिल्टर लागतो, त्यात दोन तृतीयांश स्टॉप जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि हातात उरतात ६४ एएसए, म्हणजे उन्हात एफ १६ च्या जरा वर. तिथून ५.६ वर यायचं तर तीन-सव्वातीन स्टॉप कापायला लागतात. म्हणून ८५एन३, ८५एन६, ८५एन९ अशा जोडकाचा निघाल्या, एकाच काचेत रंगही दुरुस्त आणि उजेडही १, २ किंवा ३ स्टॉप कमी. बाहेर ५.६ मिळालं की काम व्यवस्थित चालायचं, भर उन्हात २.८ चा हट्ट तेव्हा फारसा कोणी धरत नव्हतं.

न्यूजच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी तर हा प्रश्न मुळातच सोडवून टाकला होता. लेन्सच्या मागे चकती, त्यावर १/४, १/१६, १/६४ अशा काचा, कॅमेरामन ऑफिसातून बाहेर उन्हात येता येता अंगठ्याने चकती फिरवायचा आणि पुढे चालायला लागायचा. लेन्सच्या मागे काच असल्यामुळे पुढच्या थ्रेडची साइज, स्टेप-अप रिंग, हूड बसत नाही असली कुठलीच कटकट नव्हती.

मग २००८ ला फाइव्ह डी मार्क टू आला, मोठा सेन्सर, फुल एचडी व्हिडिओ आणि त्या मानाने स्वस्त. आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओचा चेहरामोहरा त्यानंतर बदलला. पण हा कॅमेरा मुळात स्टिलचा, त्यात चकती नव्हती. स्टिलवाल्याला उन्हात १/४००० करायला काही अडचण नसते, व्हिडिओवाल्याला असते. आयएसओ १०० ला आणि १/५० ला कडक उन्हात एफ २२ येतो, आणि घेतलेली असते ५० एमएमची १.८ लेन्स, ती काय एफ २२ वर वापरायला घेतलेली नसते. २.८ वर यायचं तर ६ स्टॉप कापायला हवेत. ज्यांच्याकडे एनडी नव्हता त्यांनी शटर वाढवलं. त्या काळातले पुण्यातल्या ढोलपथकांचे व्हिडिओ बघा, टिपरू हवेत एका जागी गोठलेलं दिसतं आणि पुढच्या फ्रेमला एकदम चामड्यावर, मधली हालचाल गायबच. ढोल वाजतोय पण हात वाजवताना दिसत नाहीत, तुटक तुटक उड्या दिसतात. हे १/१००० आणि १/२००० चं काम.

ही पोकळी व्हेरिएबल एनडीने भरली. त्यात नवीन शोध असा काही नव्हता. दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या काचा, एकासमोर एक ठेवून एक फिरवला तर उजेड किती उरतो याचा नियम एका फ्रेंच इंजिनियरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला होता, उरलेला उजेड म्हणजे कोनाच्या कोसाइनचा वर्ग, cos²θ. स्वस्त पोलरायझर शीट १९३० च्या दशकात मिळायला लागली. म्हणजे सामान तयार होतं, गिऱ्हाईक २००८ नंतर आलं.

या नियमातच व्हेरिएबल एनडीचं सगळं चांगलंवाईट आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पहिला पोलरायझरच एक स्टॉप खातो, प्रत्यक्षात त्याहून जरा जास्तच, म्हणून हे फिल्टर शून्यापासून सुरूच होत नाहीत, दीड-दोन स्टॉपपासून होतात. पुढे ४५ अंशाला आणखी १ स्टॉप जातो, ६० ला २, ७५ ला जवळपास ४. इथपर्यंत रिंग बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागते. पण ८० ला ५ आणि ८५ ला ७, म्हणजे पाच अंशांत दोन स्टॉप! रिंगला नुसता धक्का लागला तरी एक्सपोजर उडतं. आणि वाइड लेन्सवर फ्रेमच्या कडेचे किरण काचेतून तिरके येतात, त्यांच्यासाठी दोन पोलरायझरमधला कोन मधल्या किरणांपेक्षा वेगळा पडतो. मध्यावर एक उजेड, कोपऱ्यात दुसरा, आणि फ्रेमवर तो कुप्रसिद्ध काळपट एक्स. बाजारात 'एनडी २-४००' लिहिलेले फिल्टर भरपूर होते आणि अजूनही आहेत. ४०० म्हणजे साडेआठ स्टॉपच्या वर, हिशोब केला तर ८५ अंशांच्याही पुढे. म्हणजे रिंगवरच्या आकड्यांचा शेवटचा तुकडा वापरण्यासारखा नसतोच. नंतर आलेल्या चांगल्या फिल्टरांनी २ ते ५ स्टॉपवर पक्की अटक बसवली, रिंग त्यापुढे जातच नाही. लोक तक्रार करायचे की जास्त पैसे घेऊन कमी रेंज देतात, पण ५ स्टॉप म्हणजे पहिल्या काचेचा १ आणि ७५ अंशांचे ४, अटक बरोबर तिथेच आहे. ६ ते ९ वाल्यात बहुतेक हीच जोडी असते, सोबत ४ स्टॉपची साधी काच.

दुसरी गोष्ट, पुढची काच पोलरायझर आहे ती आहेच. पाणी, पानं, गाडीची काच, चेहऱ्यावरचा घाम नाहीतर तेल, यांची चमक रिंगच्या कोनाप्रमाणे बदलते. सोन्याचे दागिने मात्र चमकत राहतात कारण धातूवरून परतलेला उजेड फारसा पोलराइझ होत नाही. त्यामुळे हळदीच्या शॉटमध्ये कधी कधी असं होतं की ठुशी झगझगीत आणि वर चेहरा मात्र सपाट, माती लावल्यासारखा, आणि एडिटला बसलेला माणूस ग्रेड करून करून थकतो. ती चमक रेकॉर्डच झालेली नसते, ग्रेडमध्ये आणणार कुठून.

याच काळात साध्या एनडीचंही एक लफडं बाहेर आलं. जुन्या काचा दिसणारा प्रकाश कापायच्या पण इन्फ्रारेड जसाच्या तसा सोडायच्या. फिल्मला तो दिसत नव्हता, सेन्सरला थोडा दिसतो. ६ स्टॉपची काच लावून अॅपर्चर उघडलं की दिसणारा उजेड ६४ पट कमी आणि इन्फ्रारेड तेवढाच, म्हणजे त्याचा वाटा ६४ पट वाढला. काळा पॉलिस्टरचा कोट चॉकलेटी दिसायचा आणि शेजारचा काळा सुती शर्ट काळाच. एकाच फ्रेममध्ये दोन काळे दिसले की ओळखायचं. त्यावर आयआर-एनडी काचा निघाल्या, पण एका कॅमेऱ्याला जुळणारी काच दुसऱ्यावर हिरवट मारते हेही पाहिलेलं आहे.

मग लॉग, म्हणजे नंतर ग्रेड करण्यासाठी सपाट दिसणारं रेकॉर्डिंग, आलं आणि गणित आणखी बिघडलं. लॉगचा बेस आयएसओ ८०० धरा. वाईच्या घाटावर मे महिन्यात दुपारी, २५ फ्रेम, १/५०, आयएसओ ८००. आयएसओ १०० ला एफ २२ होता, तिथून ३ स्टॉप वर म्हणजे एफ ६४, आणि २.८ वर यायला ९ स्टॉप. २०१४ च्या एका गाजलेल्या फुलफ्रेम मिररलेसमध्ये तर लॉग आयएसओ ३२०० च्या खाली जातच नव्हता, तिथे ११. २-५ वाला व्हेरिएबल इथे पूर्ण फिरवूनही ४ स्टॉप कमी पडतो. ६-९ वाला पुरतो पण अगदी शेवटच्या टोकाला, जिथे तो सगळ्यात वाईट असतो. शहाणे लोक लॉग स्टॉप-दीड स्टॉप वर एक्सपोज करतात आणि ४ वर थांबतात, मग साडेसहा-सात स्टॉपमध्ये भागतं आणि रिंग मधल्या सुरक्षित भागात राहते. उघड्या आकाशावर वाइड लेन्स रोखून रिंग सावकाश फिरवली की कुठे कोपरे काळे पडतात ते लगेच कळतं, तिथे रिंगवर मार्करने खूण करून ठेवायची आणि पुढे जायचं नाही.

आता खरा वादाचा मुद्दा. मिररलेसवाल्यांनी एनडी आत का नाही दिला? कंपन्यांच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे जागा नाही, माउंट ते सेन्सर १८-२० एमएम आणि त्यात हलणारा स्टॅबिलाइझ्ड सेन्सर. कारण खोटं नाही. पण २०२० ला त्याच २० एमएमच्या माउंटवर १० स्टॉपपर्यंतचा मोटरवर चालणारा एनडी आत असलेला सिनेमा कॅमेरा आला, फक्त त्यात सेन्सर हलत नाही. म्हणजे अडचण माउंटची नव्हती, स्टॅबिलायझेशन की एनडी अशी निवड होती आणि ती आपल्याला न विचारता झाली. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत २०१४ च्या सुमारास ३ स्टॉपचा एनडी आत होता, तिथे लेन्स निघत नाही म्हणून जमलं हे मान्य. तरी हायब्रिड बॉडीत नाही आणि तीच कंपनी दुप्पट किमतीच्या कॅमेऱ्यात देते, तेव्हा यात महागडी लाइन वाचवण्याचा हिशोब नाही असं मला तरी वाटत नाही. २०१८ ला जाहीर झालेला, आत व्हेरिएबल एनडी सरकवता येतो तो अॅडॉप्टर मात्र खरोखर चांगला तोडगा होता. काच लेन्सच्या मागे गेली, एकच फिल्टर सगळ्या लेन्सना चालला. अट एवढीच की लेन्स जुन्या डीएसएलआर माउंटच्या हव्यात, नव्या लेन्स घेतल्या की मार्ग बंद.

आणि यावर उत्तर तोपर्यंत बाजारात होतंही. २०१४ पासून एका जपानी कंपनीच्या कॅमकॉर्डरमध्ये लिक्विड क्रिस्टलचा एनडी यायला लागला, व्होल्टेज बदललं की काच गडद होते, एक्स नाही, रिंग नाही. २०२० च्या फुलफ्रेम मॉडेलमध्ये तो १/४ ते १/१२८, म्हणजे २ ते ७ स्टॉप सलग जातो आणि ऑटोवरही टाकता येतो. मांडवातून बाहेर उन्हात चालत आलेल्या वरातीच्या मागे एकच शॉट घेतला तर अॅपर्चर हलत नाही, शटर हलत नाही, डेप्थ तीच राहते. पुढच्या वर्षी त्याच सेन्सर साइजचा छोटा, स्वस्त भाऊ आला, त्यात स्टॅबिलायझेशन होतं आणि एनडी नव्हता. लग्नाच्या सीझनला भाड्याने जास्त जातो तो हाच छोटा, आणि पुढे ८२ एमएमचा व्हेरिएबल.