कापलेला टीडीएस, कापायला हवा होता तो टीडीएस आणि २३४बीचं व्याज

अंधेरीत मालिका आणि जाहिरातींचं एडिटिंग करणाऱ्या एका फ्रीलान्सरचं आर्थिक वर्ष २०२४-२५ आपण डोळ्यांसमोर ठेवू. वर्षभराची जमा ३० लाख. ती व्यावसायिकांसाठीची अंदाजित उत्पन्नाची सोय, कलम ४४एडीए, घेते, म्हणजे निम्मी रक्कम, १५ लाख, करपात्र उत्पन्न. नव्या करपद्धतीत त्यावर उपकरासह कर होतो १,४५,६००. एका निर्मिती कंपनीने ६ लाखांवर ६०,००० टीडीएस कापला. दुसऱ्या कंपनीचे ८ लाख होते, तिने ८०,००० कापायला हवे होते. उरलेले १६ लाख परदेशी ग्राहकाचे, त्यावर टीडीएसचा प्रश्नच नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने साधी वजाबाकी केली: १,४५,६०० मधून १,४०,००० गेले, उरले ५,६००. दहा हजारांच्या आत, म्हणजे आगाऊ कर लागू नाही. जुलैत आपल्या नावे जमा झालेला टीडीएस दाखवणारा फॉर्म २६एएस उघडला तर दुसऱ्या कंपनीने एक पैसाही कापलेला नव्हता. पूर्ण ८ लाख खात्यात आले होते, आणि ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता रिटर्नमध्ये आगाऊ कर कमी भरल्याबद्दलच्या २३४बी आणि त्याचा हप्ता चुकल्याबद्दलच्या २३४सी या दोन ओळींत मिळून ४,२८० रुपये व्याज दिसतं. कापण्याची जबाबदारी कंपनीची असताना व्याज तिने का भरायचं, हा तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर एका शब्दाच्या इतिहासात आहे.

२३४ए, बी, सी ही तीन कलमं १९८९ पासूनची. त्याआधी व्याज माफ किंवा कमी करण्याची मुभा अधिकाऱ्याला होती. नव्या कलमांनी व्याज आपोआप लागणारं केलं, आणि ते अनिवार्यच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं. २३४ए आणि २३४बीचा दर सुरुवातीला महिन्याला दोन टक्के होता, तो उतरत सप्टेंबर २००३ मध्ये एक टक्क्यावर आला आणि तिथेच थांबला. २०१६-१७ पासून व्यक्तींनाही तीनऐवजी चार हप्ते आले. ४४एडीए घेणाऱ्यांना मात्र १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो.

खरी गुंतागुंत कलम २०९ मध्ये आहे. आगाऊ कर किती, हे काढताना तिथे ‘कपातयोग्य’ टीडीएस वजा करायला सांगितलं होतं. कापलेला नव्हे, कापला जायला हवा तो. २३४बी मात्र व्याज मोजताना प्रत्यक्ष ‘कापलेला’ टीडीएसच वजा करतं. एकाच कायद्यात, एकाच कराबद्दल, दोन वेगळे शब्द. मग कंपनीने कापलंच नाही तर? करदात्यांचं म्हणणं होतं की २३४बी लागू होण्यासाठी आधी आगाऊ कर देय असावा लागतो. कपातयोग्य रक्कम वजा केल्यावर देय काहीच उरत नसेल, तर व्याज मोजण्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हेच मान्य केलं: कापण्याचं कर्तव्य देणाऱ्याचं, तेव्हा त्याच्या चुकीचं व्याज घेणाऱ्यावर नाही. दिल्लीत २०१३ मध्ये एका प्रकरणात उलटा सूर लागला. बहुतेक वाद परदेशी कंपन्यांचे होते, पण ‘कपातयोग्य’ हा शब्द एडिटरलाही तितकाच लागू होता.

दरम्यान २०१२ च्या वित्त अधिनियमाने कलम २०९ ला एक परंतुक जोडलं. देणाऱ्याने कपात न करता रक्कम दिली किंवा खात्यात जमा केली असेल, तर तो टीडीएस वजा धरायचा नाही. १ एप्रिल २०१२ पासून हे लागू झालं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो थेट सप्टेंबर २०२१ मध्ये. त्यात करदात्यांची बाजू उचलून धरली गेली, पण फक्त २०१२-१३ च्या आधीच्या वर्षांसाठी. परंतुक नव्याने आणावं लागलं, यातूनच आधीचा अर्थ काय होता ते दिसतं, असा त्यातला एक मुद्दा होता. आजही काही जण हा २०२१ चा निकाल दाखवून व्याज लागणार नाही असं सांगतात. २०२४-२५ च्या उत्पन्नाला तो उपयोगाचा नाही.

मला हा बदल अन्यायकारक वाटतो. मोठ्या कंपनीकडे कर कापायला लेखा विभाग असतो, आणि तिची चूक महिनोन्महिने उमगत नाही त्या एकट्या माणसावर व्याज चढत राहतं. पण कायदा आज असा आहे, आणि रिटर्न त्यानुसारच वाचावं लागतं.

तर ते ४,२८० आले कसे? रिटर्नमध्ये एकूण कर जिथे मोजला जातो त्या Part B-TTI मध्ये व्याजाच्या ओळी एकाखाली एक असतात. २३४बीसाठी आधी १,४५,६०० मधून प्रत्यक्ष कापलेले ६०,००० वजा होतात. उरलेल्या ८५,६०० पैकी किमान ९० टक्के ३१ मार्चपर्यंत भरलेले हवेत. तिने काहीच भरलं नव्हतं, म्हणून १ एप्रिलपासून दरमहा एक टक्का. तिने २० जुलै २०२५ ला कर भरला. अर्धवट महिना पूर्ण धरतात, म्हणजे चार महिने: ३,४२४. २३४सी फक्त १५ मार्चच्या हप्त्याचं, एका महिन्याचं: ८५६. मुदतीत रिटर्न भरल्यामुळे २३४एची ओळ शून्य.

या ८५६ कडे नीट पाहा. २०१२ ला परंतुक जोडलं ते कलम २०९ ला. २३४सीच्या स्वतःच्या व्याख्येत ‘कपातयोग्य’ हाच शब्द तसाच आहे. शब्दशः वाचलं तर इथे रक्कम ५,६०० आणि व्याज ५६ रुपयेच व्हायला हवं. पण रिटर्नचं गणित Schedule TDS मध्ये भरलेला आकडाच धरतं, न कापलेला टीडीएस त्याला कळणार कुठून? ८०० रुपयांच्या फरकासाठी कुणी भांडत नाही. मोठ्या रकमेत मात्र सीएशी बोलून मगच पुढे जावं.

चलन भरताना एक चूक वारंवार होते. तिने फक्त ८५,६०० भरले असते, तर त्यातून आधी व्याज वळतं झालं असतं आणि तेवढाच, ४,२८० रुपयांचा, कर थकीत राहिला असता. म्हणून स्वयंमूल्यांकन कराचं चलन एकूण ८९,८८० चं हवं, आणि भरलेली चलनं नोंदवायच्या Schedule IT मध्ये तोच आकडा, भरल्याच्या तारखेसह. तारीख चुकीची पडली तर विभागाच्या सूचनापत्रात तिने दाखवलेलं आणि विभागाने मोजलेलं, अशा दोन रकान्यांतलं २३४बीचं व्याज वेगळं दिसतं. फरक शोधायचा तो तिथे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाच्या रिटर्नमध्ये ओळी याच.

टीडीएस कापला, पण कंपनीने सरकारकडे जमाच केला नाही, हे प्रकरण याहून वेगळं. ८ लाखांच्या बिलावर खात्यात ७ लाख २० हजार आले असतील, तर ‘कपात न करता’ हे परंतुक लागू होत नाही, आणि कलम २०५ नुसार कापलेली रक्कम तिच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मात्र २६एएसमध्ये ती नसल्याने सूचनापत्रात आधी मागणी आणि व्याज दोन्ही येतात. तेव्हा बिल, कंपनीचा पेमेंटचा तपशील आणि बँकेतली ७ लाख २० हजारांची नोंद एकत्र जोडून मागणीला असहमती नोंदवावी लागते.