हललेले फोटो आणि सूक्ष्मदर्शकातून आलेला आकडा

लातूर-नांदेडकडच्या लग्नात दोन कॅमेऱ्यांचे मिळून काही हजार फोटो सहज निघतात. त्यातले हललेले, फोकस चुकलेले बाजूला काढायला बरेच जण पायथनची ही ओळ चालवतात:

```python
cv2.Laplacian(gray, cv2.CV_64F).var()
```

`gray` म्हणजे कृष्णधवल केलेला फोटो. आकडा मोठा आला तर फोटो शार्प, लहान आला तर धूसर. शंभराच्या खालचे टाकून द्या, असा सल्लाही सोबत मिळतो. पण ही मोजणी आली सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावरून.

सन २००० मध्ये बार्सिलोनातल्या परिषदेत पेच-पाचेको, क्रिस्तोबाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायटम या सूक्ष्म शैवालांवरचा अभ्यास मांडला. काचपट्टी जागेवर ठेवायची, फोकस थोडाथोडा सरकवत चित्रं घ्यायची आणि त्यातलं सर्वांत स्पष्ट चित्र यंत्रानेच निवडायचं. त्यासाठी तपासलेल्या मापांपैकी एक म्हणजे लाप्लासियनचं प्रचरण.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक पिक्सेलच्या वर, खाली, डावी-उजवीकडच्या चार किमतींची बेरीज करायची आणि त्यातून मधल्या किमतीची चौपट वजा करायची; हा झाला लाप्लासियन. सगळ्या पिक्सेलचे हे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत, ते सांगतं प्रचरण. उभी कड ४० वरून थेट २०० वर उडी मारत असेल, तर कडेच्या दोन बाजूंना +१६० आणि −१६० येतात. तीच कड धूसर होऊन ४०, ८०, १२०, १६०, २०० अशी चढली, तर दोन्ही टोकांना फक्त +४० आणि −४० उरतात, मध्ये शून्य. प्रचरणात वर्ग होतो, म्हणून आकडा सोळा पटींनी पडतो.

डायटमच्या प्रयोगात दृश्य एकच होतं, बदलत होता तो फक्त फोकस. लग्नात तसं नसतं. नवरीचा चेहरा हललेला, पण मागे उभ्या मावशींच्या पैठणीची जर स्पष्ट, अशा फोटोला भरघोस आकडा मिळतो. उलट साध्या भिंतीपुढचा उत्तम पोर्ट्रेट शंभराखाली जाऊन कचऱ्यात पडतो. वेरूळच्या अंधाऱ्या लेण्यात आयएसओ चढवून काढलेल्या फोटोतला दाणाही कडेसारखाच मोजला जातो, त्यामुळे हललेलं शिल्पसुद्धा पास होतं. आकडा फोटोच्या मापावरही अवलंबून असतो. त्यामुळे सरसकट शंभराला माझ्या मते काहीच अर्थ नाही.

मूळ प्रयोगाची अट पाळली तर मात्र माप चोख चालतं. अक्षता पडतानाचे लागोपाठ घेतलेले सात-आठ फोटो एक गट समजा. सगळे एकाच मापाचे करा, चेहऱ्याचा भाग कापून फक्त तेवढाच मोजा आणि गटातला सर्वांत मोठा आकडा ठेवा. त्याच्या जवळपासचे एक-दोन डोळ्यांनी पाहा, कारण वधूचे डोळे मिटलेत की उघडे हे या मोजणीला कळत नाही.